तीनशे फूट खोल दरीतून गेलेला मेसेज

लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगररांग आहे. तिच्यातून अँजेलिस फॉरेस्ट हायवे नावाचा घाटरस्ता जातो. १३ डिसेंबर २०२२ च्या दुपारी या रस्त्यावरची एक मोटार कठड्यावरून घसरली आणि सुमारे तीनशे फूट खाली घळीत जाऊन पडली. गाडीत विशीतले एक तरुण आणि एक तरुणी होती. दोघे वाचले होते, पण वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तळातली गाडी दिसण्याची फारशी शक्यता नव्हती. शहर डोंगरापलीकडे असूनही त्या घळीत मोबाइलला रेंज नव्हती.

दोन वाजायला पाच मिनिटे असताना क्रेसेंटा व्हॅलीच्या शेरीफ ठाण्यात फोन वाजला. फोन करणारी व्यक्ती अपघाताच्या जागी नव्हती. ती अॅपल कंपनीच्या मदत केंद्रातून बोलत होती. एक गाडी दरीत गेली आहे, दोन माणसे आहेत आणि ती नेमकी कुठे आहेत याचे अक्षांश-रेखांश तिने ठाण्याला सांगितले. शेरीफ खात्याचे हेलिकॉप्टर निघाले, एक पॅरामेडिक दोराने घळीत उतरला आणि दोघांना वर उचलून रुग्णालयात नेण्यात आले. जखमा सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या होत्या.

रेंज नसताना हा मेसेज बाहेर पडला तो गाडीतल्या आयफोन १४ मधून, उपग्रहामार्फत. ही सोय अमेरिकेत आणि कॅनडात सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. तारीख होती १५ नोव्हेंबर २०२२. गूगल, सॅमसंग, हुआवे यांच्या काही फोनमध्येही उपग्रहाशी बोलण्याची क्षमता आली आहे. आपल्याकडे जाहिराती आणि व्हिडिओ पाहून लोकांचा समज मात्र असा होतो की आता टॉवरची गरज संपली, आकाशातूनच रेंज मिळते. हा समज धोक्याचा आहे. अडचणीत सापडलेला माणूस अशा वेळी फोनकडून जे होणार नाही त्याची वाट पाहत बसेल आणि जे होऊ शकते ते करायचे राहून जाईल. म्हणून त्या घळीतून शेरीफ ठाण्यापर्यंत मेसेज कसा पोहोचला, त्याचा मार्ग टप्प्याटप्प्याने पाहू.

फोन उपग्रहाकडे वळतो तो शेवटी. आधी नेहमीसारखा आणीबाणीचा कॉल करायचा असतो, अमेरिकेत ९११ वर. फोन आधी आपल्या कंपनीचे नेटवर्क शोधतो, ते नसेल तर त्या भागात असलेल्या इतर कोणत्याही कंपनीचे. आणीबाणीच्या कॉलला कंपनीची अट नसते. यातले काहीच सापडले नाही, तरच पडद्यावर उपग्रहातून मेसेज पाठवण्याचा पर्याय येतो. टॉवरची अंधुकशी रेंज असली तरी ती उपग्रहापेक्षा कितीतरी भरवशाची, म्हणून हा क्रम ठेवलेला आहे.

आयफोनची ही सेवा ग्लोबलस्टार या कंपनीच्या चोवीसेक उपग्रहांवर चालते. ते जमिनीपासून सुमारे १,४०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. आता अंतराचा हिशेब करू. समजा, गावाकडचा टॉवर फोनपासून ५ किलोमीटरवर आहे. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी तो त्याच्या २८० पट लांब. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथाई होते, म्हणजेच अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती घटते. २८० चा वर्ग ७८,४००. तेव्हा दोन्हीकडे मोकळी वाट धरली, तर फोनची तीच लहर उपग्रहापाशी पोहोचते तेव्हा टॉवरपाशी असते त्यापेक्षा जवळजवळ ऐंशी हजार पटींनी क्षीण झालेली असते. जुन्या सॅटेलाइट फोनना हाताएवढा जाड अँटेना असायचा, त्याचे कारण हेच. आजच्या फोनला असा अँटेना लावता येत नाही आणि बॅटरीवर ताण देऊन शक्तीही फार वाढवता येत नाही.

मग हे जमते कसे? दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे मजकूर अतिशय थोडा आणि तो अतिशय सावकाश पाठवायचा. क्षीण आवाजातले बोलणे गोंगाटात समजावे म्हणून आपण एकेक शब्द सुटा आणि रेंगाळत उच्चारतो, तसेच हे आहे. एका सेकंदात जितकी कमी माहिती पाठवाल तितकी ती गोंगाटातून वेगळी काढणे सोपे जाते. यातूनच लक्षात येईल की या मार्गाने फोटो जात नाही, आवाज जात नाही, व्हॉट्सअॅपही चालत नाही. जाते ते काही ओळींचे लेखन. तेही अॅपलने दाबून, सरासरीने एक तृतीयांश आकाराचे करून पाठवायची व्यवस्था केली आहे.

दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे, म्हणजे शब्दशः हातात. फोन उपग्रहाच्या दिशेला धरायचा. हे उपग्रह एका जागी थांबलेले नसतात. ताशी सुमारे २५ हजार किलोमीटर वेगाने ते क्षितिजावर उगवतात, डोक्यावरून किंवा बाजूने सरकतात आणि मावळतात. एक उपग्रह आपल्या आकाशात राहतो तो काही मिनिटेच. कोणता उपग्रह या क्षणी कुठे असेल, हे फोनला आधीच ठाऊक असते, कारण कक्षांचे वेळापत्रक त्यात साठवलेले असते. स्वतःची जागा तो जीपीएसवरून ओळखतो. पडद्यावर एक कमान दिसते आणि डावीकडे वळा, उजवीकडे वळा अशा सूचना येतात. आपण सावकाश वळत त्या ठिपक्यावर यायचे आणि मेसेज जाईपर्यंत तसेच थांबायचे. उपग्रह सरकला की पुन्हा थोडे वळायचे. हात उंच करून फोन आभाळात धरायची गरज नाही. वाचताना धरतो तसा पुरतो. मात्र तो खिशात, सॅकमध्ये किंवा गाडीच्या टपाखाली ठेवून चालत नाही. पडदाही बंद करायचा नाही.

जीपीएसबद्दल इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण ट्रेकला जाणाऱ्यांमध्येही याबाबत गोंधळ आढळतो. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. त्या उपग्रहांकडून फोन फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. त्यामुळे रेंज नसलेल्या दरीतही फोनला स्वतःची जागा ठाऊक असते. दरीत अडकलेल्या माणसाची अडचण जागा कळण्याची नसून ती दुसऱ्याला कळवण्याची असते. नव्या फोनमधली सोय नेमकी ही दुसरी अडचण सोडवते.

आकाश मोकळे असेल तर एक मेसेज जायला सुमारे १५ सेकंद लागतात, असे अॅपल सांगते. वर विरळ किंवा मध्यम झाडी असेल तर मिनिटाहून जास्त. झाडी दाट असेल, दोन्ही बाजूंना कडे उभे असतील, आपण इमारतीत किंवा गुहेत असू, तर मेसेज कदाचित जाणारच नाही. झाडाची पाने ओली असली की ही अडवणूक आणखी वाढते, कारण पाणी या लहरी शोषते. ढगांनी मात्र फार बिघडत नाही. घळीत असलेल्याला आकाशाची अरुंद पट्टी दिसते आणि उपग्रह त्या पट्टीतून जाईपर्यंत थांबावे लागते. पहिल्या प्रयत्नात मेसेज गेला नाही म्हणून सोय बंद आहे असे समजायचे नाही. चालता येत असेल आणि जखम परवानगी देत असेल, तर पाच-पन्नास पावले मोकळ्या जागी सरकल्यानेही फरक पडतो.

मेसेज एवढा महाग, म्हणून त्यात काय लिहायचे हे माणसावर सोडलेले नाही. हा भाग मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो. भेदरलेला माणूस पहिला मेसेज लिहितो तो बहुधा ‘मदत करा’ एवढाच. मग केंद्रातून विचारणा: काय झाले? उत्तर: अपघात. पुन्हा विचारणा: किती माणसे? प्रत्येक प्रश्नाला वर जाऊन खाली यायला मिनिट-मिनिट लागले, तर पाच प्रश्नांत मौल्यवान वेळ निघून जातो. म्हणून उपग्रहाशी जोडणी होण्याआधीच फोन स्वतः प्रश्न विचारतो आणि उत्तरे बोटाने निवडायची असतात. वाहनाचा अपघात, आजार किंवा इजा, गुन्हा, वाट चुकणे किंवा अडकणे, आग यांपैकी काय? मग निवडीप्रमाणे पुढचे: कोणाला मदत हवी, श्वास चालू आहे का, रक्तस्राव आहे का, कोणी अडकले आहे का. हे प्रश्न तातडीच्या सेवांमध्ये काम करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलून ठरवलेले आहेत. फोन आकाशाकडे धरायच्या आत सगळी उत्तरे एका लहान गाठोड्यात बांधून तयार असतात. त्यासोबत जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, फोनची उरलेली बॅटरी आणि आपण आधी भरून ठेवली असेल तर वैद्यकीय माहिती जाते. पहिल्याच खेपेला केंद्राच्या हाती जवळजवळ पूर्ण चित्र येते.

उंची कशाला, असे वाटेल. कॅलिफोर्नियातली ती घळ आठवा. नकाशावर रस्ता आणि दरीचा तळ एकमेकांना लागून असतात. माणूस रस्त्यावर आहे की त्याच्या तीनशे फूट खाली, हे उंची कळल्याशिवाय सांगता येत नाही. आणि बॅटरीचा आकडा पाहून केंद्रातला माणूस ठरवतो की या व्यक्तीशी किती बोलायचे आणि कधी थांबायचे.

आता गाठोडे उपग्रहापर्यंत पोहोचले. तिथे त्याचे वाचन होत नाही, ते साठवलेही जात नाही. ग्लोबलस्टारचे उपग्रह आलेली लहर वेगळ्या वारंवारितेवर नेऊन तशीच खाली परतवतात. म्हणजे ज्या क्षणी उपग्रहाला फोन दिसतो, त्याच क्षणी त्याला जमिनीवरचे एखादे मोठे अँटेना असलेले केंद्रही दिसले पाहिजे. अशी केंद्रे अलास्का, हवाई, टेक्सास, नेवाडा, फ्लोरिडा, पोर्तो रिको इत्यादी ठिकाणी आहेत आणि या सेवेसाठी तिथे नवे अँटेना बसवले गेले. यासाठी अॅपलने जाहीर केलेली गुंतवणूक ४५ कोटी डॉलरची होती. ग्लोबलस्टारने आपल्या जाळ्याच्या क्षमतेपैकी ८५ टक्के हिस्सा अॅपलसाठी राखून ठेवला.

या रचनेतून एक मर्यादा आपोआप येते. महासागराच्या मध्यावर उपग्रह डोक्यावर असेल, पण त्याच्या नजरेच्या टप्प्यात जमिनीवरचे केंद्र नसेल, तर मेसेज जाणार नाही. आकाशात उपग्रह असणे पुरेसे नाही, खाली त्याला ऐकणारे हवे. शिवाय या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५२ अंशांचा कोन करतात, त्यामुळे ध्रुवांकडे जाऊ तसे ते क्षितिजालगत दिसू लागतात. ६२ अंश अक्षांशाच्या पलीकडे सेवा मिळेलच असे नाही, असे अॅपल स्पष्टपणे सांगते.

अॅपलची ही सूचना आणि प्रत्यक्ष अनुभव यांतला फरक दाखवणारी एक घटना अलास्कात घडली. १ डिसेंबर २०२२ रोजी नूर्विकहून कॉट्झेब्यूकडे स्नोमोबाइलवरून निघालेला एक माणूस वाटेत अडकला. ही गावे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, ६६ अंशांच्या पलीकडे आहेत. पहाटे दोनच्या सुमारास त्याच्या फोनवरून मदतीचा मेसेज गेला. अॅपलच्या केंद्राने स्थानिक शोधपथकाशी संपर्क साधला, चार स्वयंसेवक थेट त्या अक्षांश-रेखांशांवर पोहोचले आणि माणूस सुखरूप परत आला. म्हणजे हद्दीबाहेर सेवा कधी कधी लागते. पण ‘कधी कधी’वर विसंबून कोणी बर्फात निघू नये. उलट अर्थाने, हद्दीबाहेर असलो तरी प्रयत्न सोडू नये.

मेसेज जमिनीवर उतरल्यावर पुढचा टप्पा माणसांचा आहे आणि तो बातम्यांत फारसा येत नाही. मेसेज सरळ पोलिसांच्या पडद्यावर जाईल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या अनेक आणीबाणी केंद्रांना लिखित मेसेज घेताच येत नाही. त्यांची व्यवस्था आवाजी फोनसाठी उभी राहिलेली आहे. म्हणून मध्ये एक केंद्र असते. तिथले प्रशिक्षित लोक आपला मेसेज वाचतात, आपली जागा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते ते पाहतात आणि आपल्या वतीने त्या ठाण्याला फोन करतात. ठाण्याकडून आलेला प्रश्न ते पुन्हा लिहून आपल्याला पाठवतात. क्रेसेंटा व्हॅलीच्या ठाण्यात वाजलेला फोन असा होता. अंतराळयानातल्या तंत्राइतकेच त्या दुपारी महत्त्वाचे ठरले ते हे, की हद्द अचूक ओळखून योग्य ठाण्याला फोन लागला. गूगलच्या पिक्सेल ९ फोनमध्ये २०२४ साली अशी सोय आली, तेव्हा तिथेही मधले केंद्र ठेवावेच लागले; ते काम गार्मिन कंपनीचे मदत केंद्र करते.

यावरून हेही कळेल की मेसेज गेल्यावर फोन खिशात टाकायचा नसतो. केंद्रातून प्रश्न येतात आणि ते स्वीकारायला फोन पुन्हा उपग्रहाकडे धरावा लागतो. उत्तर मोजक्या शब्दांत द्यावे. आणि बॅटरी वाचवण्यासाठी इतर अॅप बंद करावेत, पडद्याचा उजेड कमी करावा. थंडीत फोन अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवावा आणि मेसेजपुरताच बाहेर काढावा. गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

या सोयीत काही गोष्टी होत नाहीत, त्याही सांगायला हव्यात. बेशुद्ध माणसाचा फोन स्वतःहून उपग्रहाकडे वळू शकत नाही. गाडीचा अपघात ओळखणारी सोय नव्या आयफोनमध्ये आहे आणि रेंज नसेल तर ती सूचना उपग्रहातून पाठवण्याचा प्रयत्न फोन करतो. पण सीटखाली पडलेल्या फोनकडून तो प्रयत्न यशस्वी होईल असे धरून चालता येत नाही. शिवाय मेसेज पोहोचणे आणि मदत पोहोचणे यांत डोंगर आडवे असतात. हवामान वाईट असेल तर हेलिकॉप्टर उडत नाही, आणि पथक पायी यायला रात्र जाऊ शकते. मेसेज गेल्यावरही ऊब, पाणी, जखमेवरची पट्टी यांची तजवीज आपल्यालाच करायची आहे.

सगळ्या कंपन्यांची पद्धत सारखी नाही, हेही थोडक्यात पाहू. पिक्सेलची सेवा स्कायलो कंपनीमार्फत भूस्थिर उपग्रहांवर चालते. हे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि आकाशात एकाच जागी दिसतात, म्हणून त्यांचा पाठलाग करावा लागत नाही. पण ते विषुववृत्तावर असल्याने उत्तरेकडच्या देशांत दक्षिणेचे आकाश मोकळे लागते; डोंगराच्या उत्तर उतारावर अडकलेल्याला डोंगरच आडवा येतो. तिसरी पद्धत स्टारलिंकची. तिचे या कामाचे उपग्रह फारच खाली, सुमारे ३६० किलोमीटरवर आहेत आणि त्यांचे अँटेना मोठे आहेत. फोनमध्ये नवे काही घालण्यापेक्षा टॉवरच आकाशात नेण्याचा हा मार्ग आहे, त्यामुळे साध्या फोरजी फोनलाही उपग्रह टॉवरसारखा दिसतो. अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीने जुलै २०२५ मध्ये ही सेवा रीतसर सुरू केली. इथे फोन नेमका कुठे वळवायचा हा प्रश्न उरत नाही, पण मोकळे आकाश लागतेच. माझ्या मते पुढची वाट हीच आहे, कारण आणीबाणीतला माणूस ज्या फोनची सवय आहे तोच फोन त्याच रीतीने वापरू शकतो.

आता भारताकडे येऊ. आयफोनची ही सेवा ज्या देशांत सुरू आहे त्यांच्या यादीत भारत नाही. मुंबईत घेतलेल्या आयफोन १५ मध्ये हे यंत्र बसवलेले आहे, पण हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर उपग्रहातून मेसेज पाठवण्याचा पर्याय वापरता येईल अशा भरवशावर जाऊ नये. आपल्याकडे उपग्रह-संवादाला सरकारची परवानगी लागते आणि तार कायदा, बिनतारी तार कायदा यांच्या आधारे विनापरवाना उपकरणांवर कारवाई होते. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात अतिरेक्यांनी सॅटेलाइट फोन वापरला होता, त्यानंतर ही दक्षता आणखी वाढली. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगावे. गिर्यारोहक वापरतात ते खिशात मावणारे गार्मिनचे इनरीच यंत्रही यात मोडते. डिसेंबर २०२४ मध्ये असे यंत्र बाळगल्यामुळे एका कॅनडियन महिलेला गोव्याच्या दाबोळी विमानतळावर अडवून तिच्यावर कारवाई झाली होती. ब्रिटन सरकारच्या प्रवास-सूचनांमध्येही भारतात विनापरवाना सॅटेलाइट फोन आणू नये, असे बजावलेले आहे.

समुद्रावर मात्र आपल्याकडे उपग्रहाचा मार्ग अनेक वर्षांपासून खुला आहे. इस्रोने मच्छीमार नौकांसाठी बनवलेले संकट-सूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. बटण दाबले की नौकेची ओळख आणि जागा उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्राकडे व तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रांकडे जाते. जुन्या यंत्रात एक मोठी उणीव होती: आपली हाक पोहोचली की नाही, हे नौकेवरच्यांना कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात परतीची पोच मिळते आणि ते ब्लूटूथने मोबाइलला जोडून मजकूर वाचता येतो. खवळलेल्या समुद्रात ‘तुमचा निरोप मिळाला’ एवढे कळले, तरी माणसे नौका सोडून पोहत निघण्याची चूक करत नाहीत.

सह्याद्रीत काय करायचे? आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी ११२ लावून पाहावा. दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर टप्प्यात असेल तर तो कॉल लागतो. फोनवर फक्त आणीबाणीचे कॉल होतील असे दिसत असते, त्याचा अर्थ हाच. कॉल मध्येच तुटत असेल तर साधा एसएमएस पाठवावा. जे उपग्रहाला लागू, तेच इथेही: आवाजाला सतत जोडणी लागते, चार ओळींच्या मजकुराला क्षणभराची पुरते. त्यात अक्षांश-रेखांश लिहावेत. आयफोनच्या कंपास अॅपमध्ये ते खालीच दिसतात आणि गूगल मॅप्सवर निळ्या ठिपक्यापाशी बोट दाबून धरले की मिळतात. किती माणसे, काय इजा, किती बॅटरी, हे त्याच क्रमाने लिहावे. मेसेज गेला नाही तर घळीतून बाहेर, धारेवर येऊन पुन्हा पाठवावा.

ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडात आहेत आणि जे त्यांच्याकडे जाऊन राष्ट्रीय उद्याने फिरतात, त्यांच्यासाठी ही सोय आजची आहे. भारतात घेतलेला आयफोन १४ किंवा त्यानंतरचा फोन त्या देशांत ती वापरू शकतो. चीन, हाँगकाँग, मकाव इथे घेतलेल्या फोनबद्दल मात्र तशी खात्री नाही. निघण्याआधी घरी बसून दोन कामे करावीत. हेल्थ अॅपमधल्या Medical ID मध्ये रक्तगट, चालू औषधे, अॅलर्जी आणि संकटात कळवायच्या माणसांचे नंबर भरावेत. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती नोंद हेलिकॉप्टरमधल्या पॅरामेडिकला दोराने उतरण्याआधीच मिळते. आणि तिथे पोहोचल्यावर मोकळ्या मैदानात Settings मध्ये Emergency SOS उघडून Try Demo दाबावे. हा सराव खऱ्या उपग्रहाशी होतो, कुणालाही खोटा निरोप जात नाही. कमानीवरचा ठिपका कसा सरकतो, किती वळावे लागते, झाडाखाली गेल्यावर जोडणी कशी तुटते, हे दहा मिनिटांत समजते. सोबत आजी-आजोबा असतील तर फोन त्यांच्या हातात देऊन हा सराव करावा, कारण गाडी चालवणाराच जखमी झाला तर फोन धरायचे काम त्यांच्यावर येईल.